न मिळालेल्या मालापुरती

नानांनी आयुष्यात पुष्कळ ऑर्डरी रद्द केल्या होत्या. व्हीलचेअर बनवणाऱ्या कारखान्याची खरेदी सांभाळायची म्हणजे ते ओघानं आलंच. कुणाची चाकं वेळेवर येत नाहीत, कुणाच्या नळ्या वाकड्या निघतात, कुणी आज-उद्या करत महिना काढतो. नाना आधी फोन करत, मग आठवण देत, मग करारातलं कलम दाखवून मुदत देत, आणि तरीही गाडं हललं नाही की पत्र लिहीत. त्या पत्रांची धंद्यात ख्याती होती. समोरच्याची ऑर्डर गेली तरी मान जाता कामा नये, हा त्यांचा नियम. एका नटबोल्टवाल्यानं तर पत्र मिळाल्यावर मुद्दाम फोन केला होता, "नाना, ऑर्डर गेल्याचं वाईट वाटलं, पण वाचताना बरं वाटलं हो."

कारखान्यात मालक दोघं. यंत्रं, कामगार आणि बँक दुसऱ्याकडे, खरेदी नानांकडे. शाळेपासूनचे मित्र, पण कारखाना काढला त्या दिवसापासून दोघं एकमेकांना 'भागीदार' म्हणत आले होते, इतकं की त्यांच्या बायकांनाही एकमेकींच्या नवऱ्यांची खरी नावं आठवायला वेळ लागे.

नानांना मुलगी एकच. घरात तिला सगळे ठमी म्हणत. शांत, नेटकी, एकदा बोलली की शब्द परत न घेणारी. तिची मैत्रीण अगदी उलट. शिलाईच्या वर्गात दोघींची गाठ पडली आणि तेव्हापासून ती नानांच्या घरात पडीकच असायची. हातात कात्री आणि तोंडातही कात्री, म्हणून नानांनीच तिचं नाव कात्री ठेवलं. "नाना, ही भाजी तुम्ही आणलीत की तिनं तुम्हाला आणलं?" असं ती ताटावर बसून विचारायची, आणि ठमीची आई, जिला हसायला जरा उशीरच लागायचा, ती पदर तोंडाला लावून आत पळायची.

दोघींनी मिळून एक शेड भाड्यानं घेतली, जवळच राहायला खोली घेतली आणि गाद्या बनवायला सुरुवात केली. साध्या नव्हेत. ज्या मुलांना पाठ धरता येत नाही, मान एका बाजूला कलते, अशा मुलांच्या खुर्चीत बसवायच्या बैठकी आणि पाठी. शिवण ठमीची. पण आतला फोम कोरायचा तो कात्रीनं. पुठ्ठ्याचे साचे होते, पण साचा फक्त बाहेरची रेघ सांगतो. आत खोलगट किती, कडेला उतार कुठून सुरू करायचा, हे तिच्या तळहातालाच कळायचं. ती आधी फोम दाबून बघायची, डोळे मिटायची, आणि मग पातं चालवायची.

मुलांच्या इस्पितळाची मोठी ऑर्डर कारखान्याला मिळाली तेव्हा या गाद्यांचा नमुना भागीदारांनी पसंत केला. नाना त्या बैठकीला बसलेच नाहीत. "माझी मुलगी आहे. मी तोंड उघडणार नाही," म्हणाले. दरही भागीदारांनीच ठरवला. राहिला करार. त्या दिवशी ठमी समोर बसली होती, परक्या पुरवठादारासारखी, पर्स मांडीवर घेऊन.

"कलम नऊ नीट लिहा बाबा," ती म्हणाली. "घरचं म्हणून ढिलं नको."

"अगं, तू काय पळून जाणार आहेस?"

"इतरांना जे लावता तेच मला लावा. नाहीतर लोक म्हणतील, बापानं पोसली."

"लोक नाही, मीच म्हणेन," शेजारी बसलेली कात्री म्हणाली. "सही कुठे करायची, तेवढं सांगा. मला वाचलं की झोप येते."

कलम नऊ असं होतं. माल ठरलेल्या तारखेला आला नाही, तर खरेदीदारानं लेखी सूचना द्यायची आणि सात दिवसांची वाढीव मुदत द्यायची. त्या मुदतीतही आला नाही, तर न मिळालेल्या मालापुरती ऑर्डर लेखी पत्रानं रद्द करता येईल. आलेल्या मालाचे पैसे द्यायचेच. नाना हेच कलम सगळ्यांना लावत. ते त्यांनीच कधीकाळी लिहिलं होतं आणि त्यांना ते न्यायाचं वाटे.

पहिली खेप वेळेवर आली, आणि इतकी सुबक आली की जुळणीच्या विभागातले लोक एकेक गादी हातात घेऊन बघत राहिले. दुसरी खेप मोठी होती. मध्यंतरी कात्रीला ताप येतोय असं घरी कळलं. "हवा बदलली की होतं," ठमी म्हणाली. मग कळलं तपासण्या चालल्यात. मग ठमीचे फोन तुटक व्हायला लागले. नाना विचारायचे, "माल कसा चाललाय?" ती म्हणायची, "चाललाय." नाना पुढे विचारत नसत. पुरवठादाराला रोज टोचू नये, हाही त्यांचा एक नियम होता. बाप म्हणून विचारायला हवं होतं, हे त्यांना नंतर कळलं.

तारीख आली आणि गेली.

"भागीदार," दुसऱ्या दिवशी भागीदार दारात उभे राहून म्हणाले, "मी काही म्हणत नाही. पण इस्पितळाला आपण जी तारीख दिली आहे, ती काही आपली ठमी नाही."

"फोन करतो."

"करा. आणि सूचनाही द्या. दुसऱ्या कुणाला आतापर्यंत दिली असती."

नानांनी फोन लावला.

"बाबा, सूचना पाठवा," ठमी म्हणाली. "कलमाप्रमाणे पाठवा. उशीर झालाय हे मला माहीत आहे."

"झालंय काय पण?"

"तुम्ही सूचना पाठवा."

नानांनी पाठवली. आणि मग त्यांना बसवेना. संध्याकाळ व्हायच्या आत ते शेडवर गेले.

शिलाईची यंत्रं बंद होती. एका कोपऱ्यात फोमचा ढीग पडला होता, नानांच्या छातीइतका. त्यांनी वरचा तुकडा उचलला. कोरलेला होता, पण एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. दुसरा उचलला, तोही तसाच. ठमी मेजामागे बसली होती. तिच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

"हे तू केलंस?"

"हो. होत नाही मला." तिनं हातातला तुकडा ढिगावर टाकला. "दोन कारागीर आणले, त्यांनाही नाही जमलं. वरून कापड चढवलं तर दिसणार नाही कुणाला. पण मूल बसलं की पाठीला टोचेल. आणि ज्याला टोचेल त्याला सांगताही येणार नाही."

"कात्री कुठे आहे?"

ठमीनं मान वर केली. नानांनी आपल्या मुलीचा चेहरा कितीतरी आठवड्यांनी नीट बघितला.

"इस्पितळात. रक्ताचा आजार आहे. तिनं शपथ घातली होती, घरी सांगायचं नाही म्हणून. म्हणाली, तुझी आई रडेल, नाना डॉक्टरला प्रश्न विचारून हैराण करतील, आणि मी आठ दिवसांत उठणारच आहे. मलाही खरं वाटलं बाबा. दर आठवड्याला खरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी नाना इस्पितळात गेले. कात्रीचे केस गेले होते, आणि ती पलंगात इतकी बारीक झाली होती की चादरीखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. डोळे मात्र होते तसेच.

"या," ती म्हणाली. "कलम नऊ आलं म्हणे."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या लेकीनं. म्हणजे, तिनं सांगितलं काही आलं नाही म्हणून. पण ती खोटं बोलली की कान खाजवते."

नाना हसले. मग त्यांना हसणं आवरतं घ्यावं लागलं, कारण ते भलतीकडे वळायला लागलं होतं. त्यांनी स्टूल ओढून घेतलं.

"नाना, माझं एक ऐका. मला एकदा उठून बसता येऊ दे. फोम इथे आणून दिला तरी चालेल, मी डॉक्टरांना पटवते. पण ऑर्डर रद्द करू नका. ऑर्डरचं काही नाही हो. ठमी तुटेल. मी नसले तर तिनं कशाला तरी धरून उभं राहायला हवं ना. तेवढं असू दे तिच्या हाताशी."

"तू नसलीस म्हणजे काय? उगाच काहीतरी बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण शब्द द्या."

नाना खरेदीचे माणूस. अर्धं आयुष्य त्यांनी शब्द तोलून दिले होते. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नये, हे ते नव्या पोरांना शिकवत. पण त्या पलंगाजवळ ते सगळं कुठल्या कुठे गेलं.

"नाही रद्द करणार," ते म्हणाले. "तू बरी हो आधी."

"शब्द?"

"शब्द."

तिनं डोळे मिटले. दाराशी ठमी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बाहेरच्या बाकावर दोघं बसले, मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा ठेवून.

"असं का सांगितलंत तिला?"

"मग काय सांगायचं होतं?"

ठमी उठून आत गेली.

वाढीव मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा कात्री गेली. दुपारी, ठमी तिला चमच्यानं पाणी पाजत असताना. एक चमचा गेला, दुसरा ओठावरून खाली आला. कात्रीला आईबाप नव्हते, एक मावशी होती, ती लांबून येईपर्यंत सगळं नानांनी आणि भागीदारांनी केलं. तिला पोचवून आल्यावर ठमीची आई मुलीला घरी घेऊन आली, तिच्या जुन्या खोलीत झोपवलं आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसली.

पुढच्या दिवशी भागीदार नानांच्या टेबलाशी आले. उभेच राहिले. त्यांचेही डोळे लाल होते. कात्री त्यांना 'छोटे मालक' म्हणायची, का ते तिलाच ठाऊक.

"मुदत वाढवता येईल का?" नानांनीच विचारलं. "आपल्याला अधिकार आहे. दोघांची सही लागेल, बस."

"मुदत वाढवायला मी आत्ता तयार आहे, भागीदार. वाढवून करणार काय? गाद्या कोरणार कोण?"

नानांनी समोरची फाइल मिटली.

"मुलांच्या इस्पितळाचा फोन आला होता. आपल्याकडून उशीर झाला तर त्यांच्याही करारात कलम आहेच. आणि तिथे मुलं नुसती पडून आहेत, खुर्ची नाही म्हणून घरी सोडता येत नाही त्यांना. तो दुसरा गादीवाला आहे ना, त्याच्याकडे तयार माल आहे. परवा संध्याकाळपर्यंत ऑर्डर नक्की केली तर वेळेत देतो म्हणतो. पण आधीची रद्द झाल्याशिवाय तीच ऑर्डर त्याला कशी देणार? उद्या दोन्हीकडचा माल अंगावर यायचा, नाहीतर दोन्हीकडून भांडण." ते थांबले. "तुम्हाला जड जात असेल तर पत्र मी लिहितो. सही मी करतो."

"सांगतो," नाना म्हणाले.

ते गेल्यावर नानांनी करार काढला आणि पहिल्यापासून वाचला, एखादा परका माणूस पळवाट शोधायला वाचतो तसा. कलम बारावर त्यांचं बोट थांबलं. आग, पूर, संप, 'किंवा पुरवठादाराच्या ताब्याबाहेरचे अन्य कारण'. असं कारण आलं, तर ऑर्डर रद्द न होता मुदत आपोआप पुढे जाते. अन्य कारण. त्यांनी ते दोन शब्द पुन्हा वाचले. मात्र खाली अट होती: असं कारण घडल्यापासून दहा दिवसांच्या आत पुरवठादारानं लेखी कळवायला हवं. ठमीनं काहीच कळवलं नव्हतं. ते दहा दिवस केव्हाच सरले होते.

पत्र आता लिहिता येईल आणि तारीख मागची घालता येईल. आलेली पत्रं नोंदवायची ती नानांनीच. कुणी विचारणार नव्हतं. मुदत पुढे जाईल, दुसरा गादीवाला आत्तापुरती एक खेप देईल, आणि ठमीचा करार उभा राहील. महिन्या-दोन महिन्यांत ती कोरता येणारं कुणीतरी शोधेल. दिलेला शब्द राहील. या माणसानं उभ्या आयुष्यात एका पावतीवरची तारीख बदलली नव्हती, आणि आता त्याला ते इतकं सोपं वाटत होतं की त्याचंच त्याला नवल वाटलं.

घरी ठमी स्वयंपाकघरात बसली होती. पुढ्यातला चहा गार झाला होता. आई ओट्याशी पाठमोरी. नानांनी करार टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. आईनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आशा दिसली.

"कर गं," ती म्हणाली. "एवढं बाप म्हणतोय."

ठमीनं कलम बारा वाचलं. दोनदा वाचलं असावं.

"तारीख कुठली घालायची?" तिनं विचारलं.

"तिला दाखल केलं त्या आठवड्यातली."

"आणि लिहायचं काय? की माझी भागीदार आता काम करू शकणार नाही?"

"साधारण तसंच."

ठमीनं करार मिटला.

"त्या आठवड्यात आम्ही दोघी पलंगावर बसून पुढच्या ऑर्डरचा हिशेब करत होतो बाबा. ती म्हणाली, निळं कापड नको, मुलांना निळ्याचा कंटाळा येतो. आम्हाला वाटत होतं ती उठणार. त्या दिवशी मी 'ती उठणार नाही' असं लिहून दिलं होतं, असं कागदावर यायला नको. कुठल्याही कागदावर."

नळातून थेंब पडत होता, आईनं जाऊन तो घट्ट केला.

"मी तिला शब्द दिला होता," नाना म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग मी काय करू, तू सांग."

"पत्र पाठवा. कलम नऊ. आणि सही तुम्ही करा. भागीदारकाकांनी केली तर मला वाटेल तुम्ही तोंड लपवलंत."

मुदत पूर्ण संपू देऊन दुसऱ्या सकाळी नाना कारखान्यात गेले आणि पत्र लिहायला बसले. ज्या माणसाला असली पत्रं तोंडपाठ, त्याचे चार कागद वाया गेले. पहिल्या कागदावर त्यांनी 'चि.' लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्यावर कात्रीचं जाणं लिहिलं, पण ते वाचताना असं वाटायला लागलं की तिच्या मरणावर बोट ठेवून ऑर्डर काढून घेतोय. शेवटी नेहमीचंच पत्र झालं:

'सप्रेम नमस्कार. आपल्या-आमच्यातील करारानुसार गाद्यांची दुसरी खेप ठरलेल्या तारखेस अपेक्षित होती. ती न आल्याने कलम ९ नुसार आम्ही लेखी सूचना देऊन सात दिवसांची वाढीव मुदत दिली होती. ती मुदत काल संपली असून माल मिळालेला नाही. सबब, त्याच कलमान्वये, न मिळालेल्या मालापुरती ऑर्डर आम्ही या पत्राने रद्द करीत आहोत. पहिल्या खेपेचा माल उत्तम होता व तो स्वीकारला आहे. दिलेली आगाऊ रक्कम त्या बिलात वळती करून उरलेली रक्कम आपणास पाठवीत आहोत. उशिराबद्दल आमची कोणतीही मागणी नाही. आम्ही पुरविलेल्या कापडाचे न वापरलेले तागे सवडीने परत करावेत. आपल्या कामाबद्दल आमच्या मनात आदर आहे आणि राहील. आपला विश्वासू.'

सही नेहमीसारखीच सरळ आली. ते त्यांना फार लागलं. करारात होतं तसं पत्र नोंदणी टपालानं गेलं, प्रत ईमेलनं. ईमेल पाठवायचं बटण नानांनी दाबलं आणि खुर्चीत मागे रेलले. पलीकडच्या यंत्राचा आवाज थांबला होता. भागीदार काचेतून बघत होते, पण आत आले नाहीत.

उत्तर दुपारीच आलं.

'आपले पत्र मिळाले. कलम ९ नुसार ऑर्डर रद्द झाल्याचे आम्हाला मान्य आहे. कापड परत करतो. आपल्या इस्पितळाची जी गैरसोय झाली तिच्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.'

आम्हाला, आम्ही. शेडमध्ये आता एकटीच होती ती. नानांनी ते 'आम्ही' पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मग उठून मागच्या आवारात जाऊन उभे राहिले, जिथे तयार खुर्च्या रिकाम्या उभ्या असतात.

घरी ठमीच्या आईनं ताट वाढलं, पुढ्यात ठेवलं आणि शेजारी बसली नाही. रागावून बोलणाऱ्यातली ती नव्हती. आवरताना एवढंच म्हणाली, "कायद्यात बसलं ना सगळं? मग झालं." खरं तर सगळं कायद्यात बसलं होतं.

आठवडाभरानं ठमी टेंपोतून कापड घेऊन आली. तागे उतरवून गोदामात आणताना तिला नव्या गाद्यांची रास दिसली. दुसऱ्या गादीवाल्याच्या. ती तिथे गेली, एक गादी उचलली आणि तळहातानं दाबली. डोळे मिटले तिनं, अगदी कात्रीसारखे. नाना लांबून बघत होते.

"कडक आहेत," ती म्हणाली.

"हो."

"कडेला थोड्या टोचतील. पण चालतील." तिनं गादी जागेवर ठेवली, कडा इतर गाद्यांशी जुळवून. "मुलं कधी जाणार घरी?"

"खुर्च्या परवा निघतील."

ती मान हलवत राहिली. आणि हलवता हलवताच तिचे खांदे हलायला लागले. इस्पितळात ती रडली नव्हती, पोचवायला गेले तेव्हाही नाही. आता त्या परक्या गाद्यांच्या राशीवर हात टेकून ती रडली, आवाज न करता. नाना दोन पावलं पुढे आले. हात उचलला. तिच्या पाठीपर्यंत पोचायच्या आत ती थोडी बाजूला सरकली. फार नाही, वीतभरच.

"राग नाही बाबा," ती म्हणाली. "खरंच नाही. तुम्ही बरोबर केलंत, मीच सांगितलं होतं. पण तुमचा आवाज ऐकला की मला ते पत्र ऐकू येतं. 'आपल्या कामाबद्दल आदर.' तिनं वाचलं असतं तर हसली असती. आणि ती नाहीये हसायला." तिनं चेहरा पुसला. "मला थोडे दिवस द्या."

"किती?" नानांच्या तोंडून गेलं. मुदतीची सवय. गेल्यावर त्यांनाच ते ऐकवेना.

गोदामवाल्यानं तागे मोजले, नानांनी पोच लिहून दिली, तिनं ती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि टेंपोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

शेड तिनं महिन्याअखेर सोडली. यंत्रं विकली, साचे कुणाला दिले नाहीत. दुसऱ्या गावात पडद्यांच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. सरळ शिवण, सरळ कापड. आईला ती दर आठवड्याला फोन करते. आई स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवते आणि मोठ्यानं बोलते, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला ऐकू जावं. जेवलीस का, खोली कशी आहे, सोबत कुणी मिळाली का. नाही, सोबत अजून कुणी नाही.

"बाबा बरे आहेत ना?" शेवटी ती विचारते.

"बरे आहेत," आई म्हणते, आणि नानांकडे बघते.

नाना मान हलवतात, ती कुणाला ऐकू जाणार नसते.

"बरं," ठमी म्हणते, आणि फोन ठेवते.